घराघरांतील सोने : मोजणी, अंदाज आणि धोरण



भारतीय कुटुंबांकडे सोने किती आहे, या साध्या प्रश्नाला २०२५ या एकाच वर्षात दोन उत्तरे मिळाली. स्वित्झर्लंडच्या यूबीएस या वित्तसंस्थेने सुमारे २५,००० टन असे सांगितले, तर अमेरिकेच्या मॉर्गन स्टॅन्ले या संस्थेने ३४,६०० टन असा आकडा मांडला. वृत्तपत्रांनी दोन्ही आकडे ठळकपणे छापले. वाचकांचा ऊर भरून आला आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. परंतु या दोन उत्तरांमधील अंतर ९,६०० टनांचे आहे. अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतील सोने ८,१३३ टन आहे आणि जगातील कोणत्याही सरकारचा साठा याहून मोठा नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेचा साठा मार्च २०२५ अखेरीस सुमारे ८८० टन होता. म्हणजे आपल्या घरांतील सोन्याच्या अंदाजात जी चूक संभवते, तीच अमेरिकेच्या संपूर्ण साठ्याहून मोठी आणि रिझर्व्ह बँकेच्या साठ्याच्या जवळपास अकरा पट आहे.

हा आकडा येतो कुठून, त्यावर किती विश्वास ठेवावा आणि दिल्ली-मुंबईतील धोरणकर्त्यांना त्याची इतकी ओढ का असते, हे आज क्रमाने पाहावयाचे आहे.

मोजणारा कोणी नाही

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की हे सोने कोणीही मोजलेले नाही. जनगणनेत घर, पाणी, वीज, दूरचित्रवाणी संच यांची नोंद होते. कपाटातील पाटल्या-बांगड्यांची होत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबांच्या मालमत्तेविषयी प्रश्न विचारले जातात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कौटुंबिक वित्त समितीने २०१७ च्या अहवालात अशाच पाहणीच्या आधारे सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेत सोन्याचा वाटा सुमारे ११ टक्के असल्याचे नमूद केले. हा वाटा उपयुक्त आहे. परंतु दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला घरातील दागिन्यांचे खरे वजन कोण सांगतो? चोराची भीती असते, करखात्याची असते आणि कधीकधी भाऊबंदांचीही असते. शिवाय मोठा साठा ज्या मोजक्या घरांत असतो, ती घरे नमुन्यात सहसा येत नाहीत. आली तरी मोकळेपणाने बोलत नाहीत. त्यामुळे विचारून मिळालेला आकडा नेहमी खऱ्याहून कमी भरतो.

म्हणून दुसरी वाट धरावी लागते, ती जमाखर्चाची. एखाद्या जुन्या वर्षीचा साठा आरंभीची शिल्लक म्हणून धरायचा. त्यात दरवर्षी देशात आलेले सोने मिळवायचे आणि देशाबाहेर गेलेले किंवा अन्यत्र वापरलेले वजा करायचे. घरी मासिक खर्चाची वही ठेवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या देशात खाणींतून निघणारे सोने नगण्य असल्याने जमेची बाजू जवळजवळ पूर्णपणे आयातीवर उभी आहे आणि आयातीची नोंद सीमाशुल्क खात्याकडे असते. कागदावर हे काम सोपे दिसते.

वही उघडून पाहू

ही वही प्रत्यक्षच मांडून पाहू. आरंभीच्या शिलकेसाठी एक जुना आधार उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेने १९५८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात देशातील खासगी मालकीचे सोने १० कोटी ५० लाख औंस, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३,२७० टन असावे असा अंदाज दिला होता. त्याच्या आधीचा इतिहासही सरळ चढता नव्हता. १९३१ साली ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडल्यानंतर सोन्याचा रुपयातील भाव वाढला आणि दुसरीकडे शेतमालाचे भाव कोसळलेले होते. कर्ज आणि सारा भागविण्यासाठी खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी दागिने मोडले आणि ते सोने जहाजे भरभरून मुंबई बंदरातून लंडनकडे गेले. साठा घटतोही, ही गोष्ट आजच्या अंदाजांत अनेकदा विसरली जाते.

१९५८ पासून १९९० पर्यंतची तेहतीस वर्षे या वहीतील सर्वांत अंधारे पान आहे. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या खासगी आयातीला जवळजवळ बंदीच होती. जे आले ते चोरट्या मार्गाने आले. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात उतरून सीमेपलीकडे गेले आणि पुढे आखातातून गलबतांनी कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर आले. चोरट्या मालाची पावती नसते, म्हणून येथे तर्कच करावा लागतो. वर्षाला सरासरी १०० टन असे गृहीत धरले तर तेहतीस वर्षांत ३,३०० टन होतात. म्हणजे १९९० अखेरची शिल्लक सुमारे ६,५७० टन.

त्यानंतरची, १९९१ ते २०२४ ही चौतीस वर्षे तुलनेने उजेडातील आहेत. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि नंतर आयात खुली होत गेली. आता उलटा हिशेब करू. आजचा साठा २५,००० टन असेल, तर या चौतीस वर्षांत सुमारे १८,४०० टनांची भर पडली असली पाहिजे. म्हणजे वर्षाला सरासरी ५४० टन. साठा ३४,६०० टन असेल, तर भर सुमारे २८,००० टनांची. म्हणजे वर्षाला सरासरी ८२५ टन. आणि ही भर निव्वळ आहे, दागिन्यांच्या निर्यातीत गेलेले सोने वजा केल्यानंतरची.

आता नोंदीकडे पाहावे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ७९५ टन आणि २०२४-२५ मध्ये सुमारे ७५७ टन सोने आयात झाले. २०११-१२ सारख्या तेजीच्या वर्षी आयात १,००० टनांच्या पुढे गेली होती, हे खरे. पण ते शिखर होते, सरासरी नव्हती. कोरोनाच्या २०२० या वर्षी देशातील ग्राहकांची एकूण मागणीच ४५० टनांच्या आत राहिली. निर्यात वजा न करतासुद्धा २०२३-२४ आणि २०२४-२५ ही वर्षे ८२५ टनांच्या खाली भरतात. तेव्हा मोठा आकडा खरा ठरायचा असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट मानावी लागते : १९५८ चा अंदाज फार कमी होता, किंवा चोरटी आयात आपल्या गृहीतकाहून बरीच अधिक होती. चोरटी आयात वर्षाला १०० ऐवजी २०० टन धरली, तरीही पुढील काळात वर्षाला ७२५ टनांहून अधिक निव्वळ भर लागतेच. मोठा आकडा अशक्य नाही; परंतु त्याला पुराव्यापेक्षा गृहीतकांचा टेकू अधिक लागतो.

मोडीची गफलत

हिशेब फुगण्याचे आणखी एक कारण सराफाच्या पेढीवरच सापडते. एका कुटुंबात मुलीचे लग्न ठरले आहे. आजीचा दहा तोळ्यांचा जुना चपलाहार कपाटात आहे. आई तो पेढीवर नेते, मोड देते, त्यात दोन तोळ्यांचे पैसे घालते आणि बारा तोळ्यांचे नवे दागिने घेऊन येते. सराफाच्या विक्रीत बारा तोळे नोंदले जातात; घरातील सोने मात्र दोनच तोळ्यांनी वाढले. दहा तोळे पूर्वीचेच आहेत, केवळ रूप बदलले. दागिन्यांच्या मागणीचे आकडे वर्षानुवर्षे मिळवत जाऊन साठा काढणारा अभ्यासक आजीचा हार दोनदा मोजतो. नातीने तो पुन्हा मोडला तर तीनदा. भाव चढलेला असतो तेव्हा मोडीचे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या वर्षी आकडा अधिक फुगतो, नेमकी त्याच वर्षी घरात नव्या सोन्याची भर कमी पडलेली असते.

यावरून वाचकाला एक कसोटी मिळते. कोणताही आकडा समोर आला की तो विक्रीवरून काढला आहे की निव्वळ आयातीवरून, हे पाहावे. त्यात देवस्थानांचे सोने धरले आहे की नाही, हेही पाहावे. कारण काही अंदाज केवळ कुटुंबांचे असतात, तर काहींत मंदिरांचे धनही मिसळलेले असते. आणि वजन चोख सोन्याचे आहे की बावीस कॅरट दागिन्यांचे, हे विचारावे.

दुसरी कसोटी आणखी साधी आहे. देशात आज अंदाजे ३० कोटी कुटुंबे आहेत. २५,००० टनांना ३० कोटींनी भागले तर प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला चोख सोने सुमारे ८३ ग्रॅम, म्हणजे बावीस कॅरटचे सुमारे ९१ ग्रॅम येते. ३४,६०० टनांसाठी हेच उत्तर १२६ ग्रॅमच्या घरात जाते. आता अर्ध्या कुटुंबांकडे, म्हणजे शेतमजूर, हमाल, झोपडपट्टीतील संसार यांच्याकडे सरासरी दोन तोळे सोने आहे असे धरू. मग उरलेल्या अर्ध्या कुटुंबांकडे पहिल्या हिशेबाने सरासरी सोळा तोळे आणि दुसऱ्या हिशेबाने तेवीस तोळे असले पाहिजे. श्रोत्यांनी आपले घर, शेजारी आणि नातेवाईक डोळ्यांपुढे आणावेत. देशातील प्रत्येक दुसऱ्या घरात तेवीस तोळे आहेत काय? काही घरांत आहेत, काही मोजक्या घरांत याहून कितीतरी अधिक आहेत. आणि सरासरी वर खेचली जाते ती त्या मोजक्या घरांमुळे.

धोरणकर्त्यांची ओढ

इतका डळमळीत आकडा असूनही सरकारला तो हवा असतो, याचे पहिले कारण परकीय चलन. आपण सोने जवळजवळ सर्व विकत आणतो आणि त्याची किंमत डॉलरमध्ये चुकवतो. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी सोन्याच्या आयातीचे बिल ५० अब्ज डॉलरच्या वर होते. १९९१ ची आठवण ताजी होती; त्या वर्षी परकीय गंगाजळी आटल्याने रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले होते. ज्या देशाच्या घराघरांत हजारो टन सोने आहे, त्याच्या मध्यवर्ती बँकेवर ४७ टनांसाठी ही वेळ यावी, हा विरोधाभास कोणत्याही अर्थमंत्र्याला अस्वस्थ करणारच. घरातील सोन्यापैकी दोन-तीन टक्के जरी दरवर्षी बाजारात आले, तर नवी आयात त्या प्रमाणात टळेल, हा विचार तेथूनच जन्मतो.

मात्र या विचाराचा इतिहास फारसा यशस्वी नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी माताभगिनींनी हातातील बांगड्या काढून संरक्षण निधीला दिल्या. त्याच सुमारास सरकारने सुवर्ण रोखे काढले. १९६५ मध्ये आणखी दोनदा काढले. या तिन्ही वेळा मिळून जमा झालेले सोने ४० टनांच्या आत राहिले. १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. सोने घेण्याची हौस कमी झाली नाही. हजारो सुवर्णकार मात्र बेकार झाले आणि चोरट्या व्यापाराला बरकत आली. २०१३ मध्ये आयातशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेले, तेव्हा २०१३-१४ चे आयात बिल जवळपास निम्म्यावर आले; पण चोरटी आयात पुन्हा फोफावली. म्हणजे सरकारी वहीत आयात घटली, घराच्या वहीत तितकी घटली नाही. शुल्क २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर गेले आणि जुलै २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर उतरले, त्यामागे हाही अनुभव होता. शुल्क वाढले की साठा मोजण्याचे एकमेव विश्वसनीय साधन, म्हणजे सीमाशुल्काची नोंद, तेच बोथट होते.

ठेव नको, तारण चालेल

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सुवर्ण मुद्रीकरण योजना सुरू झाली. घरातील सोने बँकेत ठेवावे आणि त्यावर व्याज घ्यावे, अशी ती योजना होती. नोव्हेंबर २०२४ पर्यंतच्या नऊ वर्षांत तिच्यात सुमारे ३१ टन सोने जमा झाले. ठेवीदार होते सुमारे ५,७००. लहान अंदाज, म्हणजे २५,००० टन धरला तरी हे प्रमाण हजारात सव्वा इतके पडते. मार्च २०२५ मध्ये तिचे मध्यम आणि दीर्घ मुदतीचे विभाग बंद करण्यात आले.

असे का झाले? पन्नास ग्रॅमचा बावीस कॅरट गोफ घेऊन एखादे कुटुंब परीक्षण केंद्रात गेले, तर तो वितळवला जाई आणि खात्यावर सुमारे ४६ ग्रॅम चोख सोने जमा होई. मुदत संपल्यावर पैसे किंवा सोने मिळे. गोफ मिळत नसे. घडणावळीपोटी मूळ किमतीच्या दहा टक्के दिले असतील, तर ते तेथेच बुडाले. दीर्घ मुदतीचे व्याज २.५ टक्के होते. म्हणजे केवळ बुडालेली घडणावळ भरून निघायलाच सुमारे चार वर्षे लागत. आणि आईने लग्नात घातलेला गोफ कोणत्या व्याजाने भरून निघतो? त्यातच जुन्या सोन्याची पावती घरात नसते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९४ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांना सूचना दिली आहे की छाप्याच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. तरीही सोने बँकेच्या नोंदीत गेले की चौकशी होईल, ही धास्ती मनातून जात नाही.

आता याच कुटुंबाचे दुसरे वागणे पाहावे. मार्च २०२५ अखेर बँकांनी सोन्याच्या दागिन्यांवरील कर्ज या सदरात दिलेली रक्कम दोन लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. त्या वेळचा भाव दहा ग्रॅमला सुमारे ९०,००० रुपये होता. तारणाच्या किमतीवर ७५ टक्के कर्ज दिले असे धरले, तर बँकांच्या तिजोऱ्यांत किमान ३०० टन सोने लोकांनी आपखुशीने नेऊन ठेवले होते. सुवर्णकर्ज देणाऱ्या वित्तकंपन्यांकडील आणि शेतीकर्जापोटी ठेवलेले सोने यात धरलेलेच नाही. एकीकडे नऊ वर्षांत ३१ टन, दुसरीकडे एका दिवशी किमान ३०० टन! सोने तेच, घरे तीच, बँकाही त्याच. फरक इतकाच की गहाण ठेवलेला गोफ कर्ज फिटले की जसाच्या तसा परत मिळतो.

कौटुंबिक सोन्याविषयीच्या सर्व आकड्यांचा अर्थ येथे उलगडतो. भारतीय स्त्रीच्या दृष्टीने दागिना हा अडीअडचणीचा आधार आहे. तो हातून कायमचा जावा, ही तिची तयारी नाही. म्हणून घरातील सोने विकले जाईल किंवा वितळवू दिले जाईल, या गृहीतावर उभी राहिलेली प्रत्येक योजना साठ्याच्या आकड्याने फसली. आज सरकार आणि रिझर्व्ह बँक यांना साठ्यापेक्षा तारणाची काळजी अधिक असली पाहिजे. सोन्याचा भाव चढत असताना कर्ज वाढते. भाव अचानक उतरला तर तारणाची किंमत कर्जाहून खाली येते आणि लिलावात दागिने जातात ते लहान कर्जदारांचे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नवे नियम जाहीर केले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशा मर्यादा घातल्या, त्या या धोक्यासाठी. लहान कर्जदाराला अधिक रक्कम मिळेल; पण भाव पडला तर त्याच्याच हाताशी कमी अंतर उरेल, हेही त्यात आले.

तेव्हा पुढच्या वेळी देशातील सोन्याचा एखादा नवा आकडा छापून येईल, तेव्हा तो अमेरिकेच्या साठ्याशी ताडून अभिमान बाळगण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आरंभीची शिल्लक कोणती धरली? मोड वजा केली का? आणि यातील किती सोने प्रत्यक्षात घराबाहेर पडते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आकडा बहुधा काही हजार टनांनी खाली येतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र कोणत्याही परदेशी अहवालात नसते. ते गावच्या बँकेत गहाणाची पावती घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या हातात असते आणि धोरण आखणाऱ्यांनी ते तिच्याकडूनच समजून घेतले पाहिजे.